गच्चीच्या एका फोटोवरून सोलार पॅनेलची सावली कशी ओळखायची?

मागच्या मे महिन्यात पुण्याहून आत्याचा एक फोटो आला. दुमजली बंगल्याची गच्ची, लख्ख ऊन, आणि खाली एक ओळ: "बघ रे, सावलीचा पत्ता नाही. सोलारवाले म्हणतात इथे पॅनेल एकदम मस्त चालतील. तू फिजिक्सवाला, तू सांग. पैसे भरू का?"

पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी मिळते. ती वजा केली तरी आत्या आणि काकांना पेन्शनमधून साठवलेले बरेच पैसे घालावे लागणार होते. त्यामुळे "हो, छान आहे" असं लिहून मोकळं होणं बरोबर नव्हतं.

फोटो नीट पाहिला. खरोखरच सावली नव्हती. जिन्याच्या खोलीवर पाण्याची मोठी टाकी होती, तिचीसुद्धा नाही! मग फोटोची वेळ पाहिली: १२ मे, दुपारी १२ वाजून ३० मिनिटं. म्हणजे काय झालं ते तुमच्या लक्षात आलं असेल. पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास शून्य सावली दिवस असतो. सूर्य डोक्यावर बरोबर काटकोनात येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली जाते. त्या वेळी काढलेल्या फोटोत एखाद्या उंच मनोऱ्याच्या शेजारची गच्चीसुद्धा सावलीमुक्त दिसेल. सोलारवाले खोटं बोलत होते असं मी म्हणत नाही. ते दुपारी आले, त्यांनी पाहिलं, त्यांना सावली दिसली नाही. त्यांचं निरीक्षण खरं होतं, पण ते एका क्षणाचं होतं आणि पॅनेल पंचवीस वर्षं बसणार होते.

तर आज हे पाहू की फोटोतून सावलीबद्दल नेमकं काय काढता येतं, काय येत नाही, आणि मे महिन्यात बसून डिसेंबरची सावली कशी सांगायची.

सूर्य वर्षभर कुठे असतो

आधी थोडी भूमिती. दोन कोन लागतात. एक म्हणजे क्षितिजापासून सूर्य किती वर आहे, म्हणजे उन्नतांश. दुसरा म्हणजे तो कुठल्या दिशेला आहे, म्हणजे दिगंश. पुण्याचा अक्षांश १८.५ अंश धरा. २१-२२ डिसेंबरला सूर्य सगळ्यात दक्षिणेला, विषुववृत्ताच्या २३.४ अंश खाली असतो. त्या दिवशी माध्यान्हीला त्याचा उन्नतांश ९० − १८.५ − २३.४, म्हणजे सुमारे ४८ अंश.

इथेच बहुतेक लोक थांबतात आणि म्हणतात, "दक्षिणेला ४८ अंशांपेक्षा उंच काही नाही ना, मग झालं." मीही पहिल्यांदा असाच थांबलो होतो. पण माध्यान्ह हा दिवसातला एकच क्षण आहे. बाकीच्या वेळांसाठी पायथनच्या चार ओळी पुरतात:

```python
from math import radians as r, degrees as d, sin, cos, asin
phi, dec = r(18.52), r(-23.44)
for h in range(5):
    H = r(15*h)
    alt = asin(sin(phi)*sin(dec) + cos(phi)*cos(dec)*cos(H))
    az = asin(cos(dec)*sin(H)/cos(alt))
    print(h, round(d(alt)), round(d(az)))
```

पहिला आकडा माध्यान्हीपासूनचे तास, दुसरा उन्नतांश, तिसरा दक्षिणेपासून सूर्य किती अंश बाजूला सरकला ते. उत्तर असं येतं:

```
0 48 0
1 46 20
2 39 36
3 29 48
4 18 57
```

तिसऱ्या तासाची ओळ बघा. डिसेंबरमध्ये माध्यान्हीनंतर तीन तासांनी सूर्य फक्त २९ अंशांवर असतो, आणि तो पश्चिमेला नसून जवळपास बरोबर नैर्ऋत्येला असतो. सकाळी तीन तास आधी तसाच आग्नेयेला. म्हणजे पुण्यासारख्या ठिकाणी समोर दक्षिणेला उभी असलेली इमारत ४८ अंशांपर्यंत माफ आहे, पण आग्नेय आणि नैर्ऋत्य कोपऱ्यातली इमारत ३० अंशांवरच त्रास द्यायला लागते. फोटो काढताना सगळे कॅमेरा दक्षिणेकडे धरतात. कोपरे राहून जातात.

अजून एक, घड्याळाची माध्यान्ह १२ वाजता नसते. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालतं आणि पुणे ७३.९ अंशांवर आहे, म्हणून सूर्य आपल्याकडे सुमारे ३५ मिनिटं उशिरा डोक्यावर येतो. त्यात पृथ्वीच्या कक्षेमुळे थोडीफार वजाबाकी होते. १३ मे रोजी पुण्याची माध्यान्ह सुमारे १२:३१ ला, २१ डिसेंबरला सुमारे १२:३३ ला. हे विसरलात तर सगळा हिशोब अर्ध्या तासाने चुकतो, आणि चुकलाय हे कळतही नाही, कारण आकडे दिसायला ठीकच दिसतात.

सावलीचा फोटो म्हणजे मोजपट्टी

आत्याला म्हटलं, "पैसे भरू नकोस अजून. उद्या सकाळी साडेआठला पुन्हा फोटो काढ, आणि टाकीच्या सावलीशेजारी एक मीटरची काठी उभी धर."

"काठी कशाला? टाकी दिसतेय की."

काठी यासाठी की एकाच क्षणी, एकाच सपाट जमिनीवर उंची आणि सावली यांचं प्रमाण सगळ्या उभ्या वस्तूंसाठी सारखं असतं. काठीची सावली मोजली की सूर्याचा कोन वेगळा काढावा लागत नाही. १३ मेच्या सकाळी साडेआठला एक मीटर काठीची सावली १.५३ मीटर पडली. सूत्राने त्या वेळी उन्नतांश ३३ अंश येतो, आणि १ भागिले टॅन ३३ म्हणजे १.५४. दोन्ही जुळलं, म्हणजे फोनची वेळ बरोबर आणि गच्ची बऱ्यापैकी सपाट. ही पडताळणी फुकटात मिळते, ती सोडू नका.

टाकीची सावली ६.४ मीटर होती. ६.४ भागिले १.५३, म्हणजे टाकीचा वरचा काठ गच्चीपासून ४.२ मीटर उंच.

ही ६.४ मीटर लांबी फोटोवर पट्टी ठेवून काढलेली नाही, काकांनी टेपने मोजली. फोटोत लांबचं लहान दिसतं, त्यामुळे जवळच्या एका मीटरला जेवढे पिक्सेल असतात तेवढे लांबच्या मीटरला नसतात. टेप नसेल तर गच्चीवर माहीत असलेल्या मापाच्या आयताचे चार कोपरे फोटोत यायला हवेत, मग त्यावरून फोटो सरळ करून घेता येतो. पण टेप असताना हे कशाला करायचं?

दुसरी एक चूक मी जवळजवळ केलीच होती. सावलीची लांबी कुठून मोजायची? सकाळी सावलीचं टोक टाकीच्या पश्चिम काठाचं असतं, म्हणून त्या काठाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून मोजायला हवं. पण टाकी जिन्याच्या खोलीवर आत सरकवून ठेवलेली होती, आणि काकांनी टेप खोलीच्या भिंतीला टेकवला होता. भिंत ६० सेंटीमीटर पुढे होती. तेवढ्याने उंची ४० सेंटीमीटर कमी आली असती. वरचा आकडा ते दुरुस्त केल्यावरचा आहे.

फोटो मागवताना एक व्यवहाराची गोष्ट. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की त्यातली वेळ आणि कॅमेऱ्याची माहिती निघून जाते. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर ती राहते. पहिल्या फोटोची वेळ मला आत्याच्या फोनमध्ये बघायला लावावी लागली होती.

जे सावली पाडत नाही, त्याची उंची

टाकीचं जमलं. पण नैर्ऋत्येला एक चार मजली इमारत होती आणि मे महिन्यात तिची सावली गच्चीवर पडतच नाही. मेमध्ये सूर्य ईशान्येच्या बाजूने उगवतो आणि वायव्येच्या बाजूने मावळतो, त्यामुळे त्या इमारतीची सावली कधी आपल्याकडे वळत नाही. जी सावली नाही ती मोजायची कशी?

इथे विचार उलटा करावा लागतो. पॅनेल जिथे बसणार तिथे तुमचा डोळा आहे असं समजा. तिथून ती इमारत आकाशाचा जो तुकडा झाकते, त्या तुकड्यात सूर्य गेला की तिथे सावली. सूर्य तिथे मे महिन्यात नसला तरी तुकडा तोच राहतो. म्हणून गच्चीकडे बघणाऱ्या फोटोपेक्षा गच्चीवरून बाहेर बघणारा फोटो जास्त कामाचा असतो. पहिला एका क्षणाची सावली दाखवतो, दुसऱ्यात सगळ्या वर्षाच्या सावल्या असतात, फक्त सूर्याचा मार्ग आपण त्यावर काढायचा.

आता फोटोतल्या पिक्सेलवरून कोन काढायचा. त्यासाठी त्या फोनचा एक आकडा लागतो, पिक्सेलमध्ये मोजलेली फोकल लांबी. ती घरी काढता येते: मीटरची काठी बरोबर तीन मीटरवर उभी करा, झूम न करता फोटो काढा आणि काठी किती पिक्सेल भरते ते मोजा. आत्याच्या फोनवर ती १००० पिक्सेल भरली. १००० गुणिले ३, म्हणजे फोकल लांबी ३००० पिक्सेल. वाइड लेन्स वापरू नका, तिच्यात कडा वाकतात आणि हा हिशोब चालत नाही.

मग काकांनी पॅनेलच्या जागेच्या मधोमध उभं राहून, फोन उभा आणि अगदी सरळ धरून, इमारत मध्यभागी घेऊन फोटो काढला. फोन सरळ असेल तर फोटोची मधली ओळ म्हणजे डोळ्याच्या पातळीचं क्षितिज. इमारतीचा वरचा काठ त्या ओळीच्या १९०० पिक्सेल वर होता. १९०० भागिले ३००० म्हणजे ०.६३, आणि त्याचा कोन ३२ अंश. रुंदीसाठी दोन्ही कडांची दिशा काढली, ती दक्षिणेपासून पश्चिमेकडे ३५ ते ६५ अंश भरली. होकायंत्रावर मी विसंबलो नाही, कारण गच्चीच्या स्लॅबमध्ये लोखंड असतं. सकाळच्या काठीच्या सावलीची दिशा सूत्राने माहीत होती, तिच्यापासून कोन मोजले.

"फोन अगदी सरळ" हे म्हणायला सोपं आहे. हात दोन अंश वाकडा झाला तर उत्तरही दोन अंश चुकतं. यावर सर्वेक्षण करणाऱ्यांची जुनी युक्ती आहे: एकदा फोटो काढायचा, मग फोन उलटा धरून, खालची बाजू वर करून, पुन्हा काढायचा आणि दोन्ही कोनांची सरासरी घ्यायची. फोन ज्या भिंतीला किंवा लाकडाला टेकवलाय त्यात तो एका बाजूला झुकत असेल, किंवा लेन्स फोनमध्येच किंचित तिरकी बसलेली असेल, तर त्यातली दुसरी चूक यात कापली जाते. पहिलीसाठी गवंड्याची पाण्याची नळी वापरा, समोरच्या कठड्यावर डोळ्याच्या पातळीची खूण करा आणि ती फोटोत मध्यावर येते का पाहा. हे सगळं करूनही मी दोन अंशांची शंका धरूनच पुढे गेलो.

आता वरच्या कोष्टकात बघा. डिसेंबरमध्ये दुसऱ्या तासाला सूर्य ३९ अंशांवर, तिसऱ्या तासाला २९ वर. ३२ अंशांवर तो माध्यान्हीनंतर साधारण २ तास ४२ मिनिटांनी येतो, आणि तेव्हा त्याची दिशा दक्षिणेपासून ४५ अंश, म्हणजे बरोबर इमारतीमागे. १२:३३ मध्ये मिळवा: ३:१५ वाजता. तिथून मावळेपर्यंत तो इमारतीमागेच राहतो, कारण शेवटपर्यंत तो ६५ अंशांची कड ओलांडत नाही.

माझी दोन अंशांची शंका इथे किती महाग पडते? त्या वेळी सूर्य तासाला सुमारे १० अंश उतरतो. म्हणजे दोन अंश चुकलो तर १२ मिनिटं. एवढी चूक चालेल, कारण निर्णय त्याने बदलत नाही. मोजमापाची अचूकता नेहमी अशी शेवटच्या उत्तराच्या भाषेत बदलून बघावी. नाहीतर आपण कोनाचा दशांश काढत बसतो आणि त्याची गरजच नसते.

मग ही सावली किती खाते? दक्षिणेकडे अक्षांशाइतके तिरपे बसवलेले पॅनेल असतील तर त्यावर पडणारं थेट ऊन माध्यान्हीपासूनच्या कोनाच्या कोसाइनप्रमाणे कमी होतं. सव्वातीन ते सूर्यास्त हा भाग बेरजेत काढला तर २१ डिसेंबरच्या दिवसातलं १७ टक्के थेट ऊन जातं. प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण संध्याकाळचं ऊन जास्त हवेतून येताना तसंही क्षीण झालेलं असतं, आणि सावलीतसुद्धा आकाशाचा पसरलेला प्रकाश मिळतोच. शिवाय हा वर्षातला सगळ्यात वाईट दिवस. सूर्य विषुववृत्ताच्या १० अंशांपेक्षा कमी दक्षिणेला असला की तो इमारतीच्या कडेबाहेरून मावळतो. म्हणजे साधारण २० ऑक्टोबरपर्यंत आणि २२ फेब्रुवारीनंतर काहीच नुकसान नाही. वर्षाचा हिशोब केला तर तीन-चार टक्के. ही इमारत बघून आत्या घाबरली होती, पण ती दोषी नव्हती.

खरी अडचण टाकीची

सोलारवाल्यांचा आराखडा असा होता: सहा पॅनेल एका रांगेत उभे, खालची कड गच्चीपासून ४० सेंटीमीटरवर, आणि रांग टाकीच्या उत्तरेला तीन मीटरवर सुरू. पॅनेलच्या पातळीपासून टाकीची उंची ४.२ वजा ०.४, म्हणजे ३.८ मीटर.

२१ डिसेंबरला साडेनऊ वाजता सूर्य २९ अंशांवर, म्हणून सावली ६.८ मीटर लांब. ती वायव्येकडे पडते: उत्तरेला ४.५ मीटर आणि पश्चिमेला ५ मीटर. माध्यान्हीला ती थेट उत्तरेला ३.४ मीटर. म्हणजे सकाळभर टाकीची सावली रांगेच्या पश्चिमेकडून पूर्वेकडे चालत जाते, आणि दुपारी साडेबारालासुद्धा शेवटच्या पॅनेलच्या खालच्या ४० सेंटीमीटरवर बसलेली असते. दुपारनंतर सुटका, पण सव्वातीनला इमारत येते. डिसेंबरमध्ये सगळे पॅनेल पूर्ण उन्हात फक्त पावणेतीन तास!

तुम्ही म्हणाल, टाकी एक मीटर रुंद, सावलीत एका वेळी फार तर दोन पॅनेलचा तुकडा येणार, त्याने काय होतं? इथे विजेचा भाग येतो. पॅनेलमधल्या सेल एकामागून एक, मालिकेत जोडलेल्या असतात, म्हणून सगळ्यांतून एकच विद्युतप्रवाह जातो. एका सेलवर सावली आली की ती बाकीच्यांचा प्रवाह अडवते. त्यावर उपाय म्हणून साधारणपणे पॅनेलच्या सेलचे तीन गट करतात आणि प्रत्येक गटाला एक बायपास डायोड देतात. गट अडला की प्रवाह डायोडमधून वळतो, पण मग त्या गटाचं सगळं उत्पादन जातं. हे तीन गट पॅनेलमध्ये लांबीच्या दिशेने उभ्या पट्ट्यांसारखे असतात. पॅनेल उभं बसवलं आणि सावली खालच्या कडेवर आडवी पडली, तर ती तिन्ही पट्ट्यांना एकदम शिवते. जुन्या पूर्ण सेलच्या पॅनेलमध्ये त्या ४० सेंटीमीटरने अख्खं पॅनेल जवळजवळ बंद पडलं असतं. आता मिळणाऱ्या अर्ध्या सेलच्या पॅनेलमध्ये वरचा आणि खालचा भाग समांतर जोडलेला असतो, म्हणून खालचा अर्धा जातो आणि वरचा चालतो. तरीही एक-षष्ठांश जागा झाकली आणि अर्धं गेलं, हे प्रमाण लक्षात ठेवा. फोटोत सावलीचं क्षेत्रफळ टक्क्यांत मोजून तेवढंच नुकसान धरणं म्हणूनच चूक आहे. ऑप्टिमायझर लावले तर एका पॅनेलचा त्रास बाकीच्यांना कमी होतो, पण सावलीतल्या पॅनेलवर ऊन ते आणू शकत नाहीत.

फोटोत सावली किती काळी दिसते यावरूनही काही ठरवू नका. फोन स्वतःहून सावल्या उजळतो, आणि एकाच जागेचे दोन फोन दोन वेगळ्या छटा देतात. कडेकडे मात्र बघा. सूर्याचा व्यास आकाशात सुमारे अर्धा अंश आहे, त्यामुळे वस्तू जितकी लांब तितकी सावलीची कड पसरट होते. वस्तूच्या जाडीच्या साधारण ११० पटींपलीकडे पूर्ण काळी सावली उरतच नाही. एक सेंटीमीटरची केबल सव्वा मीटर वरून जात असेल तर फक्त फिकट रेघ पडते, तिची चिंता नको. पण पॅनेलला लागून उभा असलेला कपडे वाळत घालायच्या दोरीचा पाइप धारदार सावली पाडतो, आणि तो कुणी मोजत नाही.

आत्याच्या बाबतीत उपाय सोपा निघाला. स्टँड उंच करायचा. खालची कड दोन मीटरवर नेली की टाकीची उंची पॅनेलपासून २.२ मीटर राहते. मग साडेनऊला सावली उत्तरेला फक्त २.६ मीटर जाते आणि तीन मीटरवरच्या रांगेपर्यंत पोचतच नाही. गणिताने डिसेंबरमध्ये ९:१० नंतर टाकीचा त्रास संपायला हवा. खाली कपडेही वाळत घालता येतात, त्यामुळे आत्या लगेच तयार झाली. खर्च वाढला, आणि उंच स्टँडला वारा जास्त लागतो म्हणून त्याचे पाय नीट गाडून घ्यावे लागले. सोलारवाल्यांनी आकडे बघून फार वाद घातला नाही. पॅनेल जुलैत बसले.

२१ डिसेंबरला मी काकांना दर पाच मिनिटांनी फोटो काढायला लावले. टाकीची सावली पॅनेलवरून ९:२० ला उतरली. मी ९:१० म्हटलं होतं. दहा मिनिटं, शंकेच्या आत. इमारतीची सावली मात्र सव्वातीनऐवजी २:५५ ला आली. वीस मिनिटं, शंकेच्या बाहेर. मी तासभर सूत्रं तपासत बसलो, फोकल लांबी पुन्हा काढायला लावली, काही सापडेना. मग काकांचा फोन आला.

"अरे, त्या इमारतीवर दिवाळीत पत्र्याची शेड घातलीये त्यांनी. तुला सांगायचं राहिलं."